आधी ‘ळ’, मग ‘डब्ल्यू’

नमस्कार. मागे उभे असलेले पालक पुढे या, पहिल्या दोन रांगा रिकाम्याच आहेत. वर्गात पुढे बसायची भीती अजून गेलेली नाही असं दिसतंय.

मी तिसरी-चौथीला इंग्रजी शिकवते. आजचा विषय खरं तर मराठीच्या बाईंचा, पण तो मी त्यांच्याकडून मागून घेतला. गेल्या सभेनंतर पाच-सहा पालक मला भेटले आणि प्रत्येकाचा प्रश्न जवळपास एकच होता: “बाई, मुलाचे इंग्रजी उच्चार सुधारावेत म्हणून आम्ही घरात मराठी बंद करतोय. चालेल ना?” मी तेव्हा घाईत होते, नुसतं ‘नको’ म्हटलं. त्या ‘नको’चं कारण आज सांगते.

आधी एक करून बघू. तळहात तोंडासमोर धरा, अगदी जवळ. आता ‘पळ’ म्हणा. मग ‘फळ’ म्हणा, पण दोन्ही ओठ मिटून, खालचा ओठ दातांना न लावता. ‘फळ’ म्हणताना तळहाताला वाऱ्याचा झोत लागला? ‘पळ’ला जवळजवळ नाही. या झोताला आपण महाप्राण म्हणतो. क आणि ख, ट आणि ठ, प आणि फ यांत फरक असतो तो एवढाच. आता इंग्रजीतली टाचणी, ‘पिन’. ज्यांची पहिली भाषा इंग्रजी आहे, त्यांच्या तोंडी या शब्दाच्या सुरुवातीला हाच झोत असतो. ‘स्पिन’ म्हणताना मात्र तो गायब होतो. तिकडच्या बहुतेक लोकांना आपण हे करतो याचा पत्ताही नसतो, कारण त्यांच्या भाषेत या झोतामुळे शब्दाचा अर्थ बदलत नाही. आपल्याकडे बदलतो, म्हणून आपलं मूल तो फरक कानाने ओळखतं. आपण झोत न देता ‘पिन’ म्हटलं तर त्यांच्यातल्या एखाद्याला ते ‘बिन’ ऐकू येऊ शकतं. दुरुस्ती सोपी आहे. मुलाला फक्त सांगायचं की ‘पिन’चा प थोडा आपल्या ‘फळ’मधल्या फ कडे झुकव. मात्र ज्या मुलाला हा फ माहीतच नाही, त्याला मी काय सांगणार?

आणि तो खरंच हरवत चाललाय. वर्गात मी ‘फूल’ म्हणायला सांगितलं की निम्मी मुलं खालचा ओठ दातांना लावतात, ‘फॅन’ म्हणताना लावतात तसा. म्हणजे दोन ध्वनींचा एकच झाला. मराठीतला फ गेला आणि इंग्रजीला उपयोगी पडणारं एक हत्यारही गेलं.

आपली वर्णमाला मी इंग्रजीच्या तासाला फळ्यावर लिहिते. काही पालकांना ते विचित्र वाटलं होतं. पण क-ख-ग-घ-ङ घशाजवळ, च-छ-ज-झ-ञ टाळूला, मग जीभ वर वळवून ट-ठ-ड-ढ-ण, दातांपाशी त-थ-द-ध-न आणि ओठांवर प-फ-ब-भ-म. तोंडाच्या आतून बाहेर येत गेलेला हा नकाशा आहे. ज्या मुलाला जीभ कुठे टेकते हे कळतं, त्याला नवा ध्वनी शिकवताना मी जागा सांगू शकते. इंग्रजी ‘टी’चंच घ्या. तो आपला ट नाही आणि आपला त तर नाहीच, तो या दोघांच्या मधला. मी मुलांना म्हणते, ‘ल’ म्हणा आणि जीभ तिथेच थांबवा. टेकली? वरच्या दातांच्या मागे, हिरडीच्या उंचवट्यावर. आता तिथूनच ‘टी’ म्हणा. ज्यांना ल, ळ, त, ट स्वच्छ येतात त्यांना ही सूचना लगेच कळते. ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणणारं मूल गोंधळतं, कारण जीभ पुढे-मागे हलवून वेगळा ध्वनी निघतो हे त्याने कधी अनुभवलेलंच नसतं.

आता कानाबद्दल. १९८४ साली जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ या संशोधकांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांचा कान तो फरक सोडून देत होता, कारण आजूबाजूला तो कुणी बोलतच नव्हतं. कान वापरातल्या भाषेपुरता आवरता होतो.

यावर तुमच्यातलं कुणी म्हणेल, मग पहिल्या दिवसापासून इंग्रजीच बोलू. हे मी मनापासून ऐकून घेते, पण एक विचारते: बाळाच्या कानावर कुणाचं इंग्रजी पडणार? तुमचं आणि माझं. त्यातला ट आपलाच, व आपलाच आणि चालही आपलीच. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, माझ्या इंग्रजीतही मराठी ऐकू येते आणि मी त्याच इंग्रजीवर पंधरा वर्षं शिकवतेय. पण मग हिशेब काय झाला? इंग्रजीचे मूळ ध्वनी मिळाले नाहीत, आणि ज्या मराठीत तुम्ही चिडता, हसता, लाड करता, तिचे ध्वनीही अर्धवट राहिले. “बेटा, वॉटर पी, लवकर फिनिश कर” यात मुलाला पूर्ण अशी एकही भाषा ऐकू येत नाही.

माझ्या वर्गातली दोन मुलं सांगते, नावं घेत नाही. एकाच्या घरी फक्त इंग्रजी. तो भरभर बोलतो, पण ‘वेळ’ आणि ‘वेल’ त्याला सारखेच ऐकू येतात, आणि ‘बॅट’ व ‘बेट’ही. दुसरी मुलगी आजीजवळ वाढलेली, आली तेव्हा इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. पण मी जे म्हणेन ते ती तसंच्या तसं परत म्हणायची, कुठे चुकलं हे तिचं तिलाच कळायचं. आता ती मोठ्याने वाचते तेव्हा बाकीचे थांबून ऐकतात. दोन मुलांवरून नियम होत नाही, मान्य. पण पंधरा वर्षांत अशा जोड्या मी इतक्या पाहिल्यात की पहिल्या आठवड्यात मी मुलांचं इंग्रजी तपासतच नाही, त्यांचा ळ आणि ण ऐकते.

मराठीने तर काही गोष्टी आधीच तयार करून ठेवल्यात. आपल्याकडे ज दोन आहेत. ‘जीभ’मधला एक, ‘जोर’मधला दुसरा. चही तसाच: ‘चार’ आकडा आणि गुरांचा ‘चारा’. ‘माझा’ आणि ‘माझी’ म्हणून बघा, झ बदलला ना? हे मुलांना कुणी शिकवत नाही, घरात ऐकून येतं. इंग्रजी ‘जॅम’ला ‘जीभ’वाला ज चालतो. प्राणिसंग्रहालयाच्या ‘झू’साठी ‘जोर’वाला ज घ्यायचा, जिभेचं टोक टेकवायचं नाही, थोडी फट ठेवून भुंग्यासारखं घुमवायचं. झालं. मात्र पुढे ‘इ’ आली की आपली जीभ सवयीने ‘जीभ’कडे पळते, म्हणून ‘झिप’ आणि ‘झीरो’ अवघड जातात. मी आधी ‘झू’ पक्का करून घेते, मग ‘झिप’कडे जाते.

जोडाक्षरांचंही असंच. ‘स्त्री’ आणि ‘स्पष्ट’ म्हणणाऱ्या मुलाला ‘स्ट्रीट’ आणि ‘स्प्लॅश’ची भीती वाटत नाही, त्याला ‘इस्कूल’ म्हणावं लागत नाही.

आणि इंग्रजीत सगळ्यात जास्त वेळा येणारा स्वर कोणता? ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही नाही. तो आहे आपला साधा, बिचारा अ. ‘अबाउट’च्या सुरुवातीला तोच, ‘बनाना’च्या पहिल्या आणि शेवटच्या अक्षरात तोच. स्पेलिंग बघून मूल तिथे ‘ॲ’ किंवा ‘आ’ म्हणतं. त्याला म्हणायचं, अरे, ‘अननस’मधला पहिला अ. ॲ आणि ऑ हे स्वर तर इंग्रजी शब्दांसाठीच मराठीने घेतले, आणि २००९ च्या शासन निर्णयाने ते वर्णमालेत रीतसर बसले. ‘बॅट’, ‘बेट’ आणि ‘बॉल’, ‘बोल’ हे फरक आज देवनागरीत डोळ्यांना दिसतात.

आता जिथे मराठी पुरत नाही तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईंनी फक्त गोड बाजू सांगितली. आपला व एकच आहे. दिशा सांगणारा ‘वेस्ट’ आणि अंगात घालायचा ‘व्हेस्ट’ हे वेगळे शिकवावे लागतात. पहिल्याला ओठ ‘उ’सारखे गोल करायचे, दात लागू द्यायचे नाहीत. दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर. म्हणजे तिथेही सुरुवात ‘उ’पासूनच झाली. ‘थिंक’मधला पहिला ध्वनी आपला थ नव्हे, जीभ दातांच्या मध्ये हलकेच ठेवून हवा सोडायची. ‘शिप’ आणि ‘शीप’ही अवघड, कारण ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहितो पण बोलताना फारसं पाळत नाही. आणि शब्दातला जोर: ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफी’त दुसऱ्यावर. इथे मराठीची काही मदत नाही. ते काम शाळेचं, ध्वनिफिती ऐकवून आम्ही करू. घरी त्यावरून मुलांना टोकू नका, विशेषतः पाहुण्यांसमोर.

वहीत इंग्रजी शब्दांवर देवनागरीत उच्चार लिहावा का, असंही विचारलं होतं. सुरुवातीला लिहू द्या, ऐकलेलं नीट पकडायला मदत होते. चौथीत मी ते बंद करते, कारण आत्ताच सांगितलेले काही ध्वनी देवनागरीत मावत नाहीत.

घरी काय करायचं म्हणाल तर वेगळा वेळ काढू नका. रात्री दहा मिनिटं मराठी गोष्ट मोठ्याने वाचा, घाई न करता, शेवटचं अक्षर न गिळता. ‘काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ किंवा ‘चटईला टाचणी टोचली’ भरभर म्हणायची पैज लावा, आणि स्वतः हरा. आजी-आजोबा असतील तर त्यांना बोलू द्या, मध्ये इंग्रजी शब्द कोंबू नका.

आता मी चिठ्ठ्या वाटतेय. प्रत्येकीवर दोन जोड्या आहेत: एक मराठी, ‘वेळ-वेल’ किंवा ‘मण-मन’, आणि एक इंग्रजी. शेजारच्या पालकांकडे पाठ करून बसा. एकाने जोडीतला एकच शब्द म्हणायचा, दुसऱ्याने न बघता कोणता ते ओळखायचं. आधी मराठी. त्यात पाचपैकी पाच आल्याशिवाय चिठ्ठी उलटायची नाही. मागच्या रांगेतले काका, तुम्हीसुद्धा. फोन खिशात ठेवा आणि इकडे या, तुमच्यासमोर मी बसते.