विषय: बेट क्रमांक ४४१८०९२७३६ चुकीची सेटल झालीये, परत सेटल करून उरलेले ६४.०० जमा करा

तक्रार विभागाला,

चॅटवर दोनदा बोलून झालं, दोन्ही वेळा वेगवेगळं उत्तर मिळालं आणि दोन्ही उत्तरं चुकीची, म्हणून आता लेखी तक्रार करतोय. ही फॉर्मल तक्रार म्हणूनच नोंदवा आणि तक्रार नंबर पाठवा, परत "चॅटवर संपर्क साधा" असं उत्तर नको.

आधी स्लिपवर काय आहे ते सांगतो. तारीख १४ मार्च २०२६, फुटबॉल, नॉकआऊट मॅच, लाइव्ह बेट. मार्केट एशियन हँडिकॅप, सिलेक्शन होम टीम -०.२५, आणि त्याच्या शेजारी कंसात (०-१) लिहिलेलं आहे. ऑड्स २.१०, स्टेक ४०.००. बेट ३१व्या मिनिटाला अॅक्सेप्ट झाली. पाहुण्या टीमचा गोल २२व्या मिनिटाला झाला होता, म्हणजे मी बेट लावली तेव्हा होम टीम एका गोलने मागे होती आणि हे तुमच्या सिस्टिमला नीट माहीत होतं, म्हणूनच तर स्लिपवर (०-१) छापून आलंय. त्यानंतर ७८व्या मिनिटाला होम टीमने बरोबरी केली. ९० मिनिटं आणि वाढीव वेळ धरून स्कोअर १-१. मग एक्स्ट्रा टाइममध्ये गोल नाही, आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये होम टीम हरली.

तुम्ही बेट "अर्धी हरली" दाखवली आणि खात्यात २०.०० जमा केले. मला ८४.०० मिळायला हवे होते.

आता नियम. तुमच्याच साइटवरच्या फुटबॉल नियमांत कलम ७.४ मध्ये लिहिलंय की लाइव्ह एशियन हँडिकॅपमध्ये बेट घेतली त्या क्षणाचा स्कोअर ०-० धरला जातो आणि फक्त त्यानंतर झालेले गोल मोजले जातात. हे काही तुमचं एकट्याचं नाही, लाइव्ह एशियन हँडिकॅप सहसा असंच चालतं, आणि कंसातला स्कोअर स्लिपवर द्यायचं कारणही तेच असतं. म्हणजे माझ्या बेटपुरती मॅच ३१व्या मिनिटाला सुरू झाली. त्यानंतर होम टीमचा एक गोल, पाहुण्यांचा शून्य. होम टीम १-० ने जिंकली.

-०.२५ म्हणजे स्टेकचे दोन भाग, २०.०० शून्य हँडिकॅपवर आणि २०.०० -०.५ वर. १-० असेल तर दोन्ही भाग जिंकतात, यात अर्धं-मुर्धं काही नाही. ४० गुणिले २.१० म्हणजे ८४.००. यातले २० दिलेत, ६४ राहिले.

तुमच्याकडे चूक नक्की कुठे झाली हेही त्या २०.०० वरूनच कळतं. कोणीतरी किंवा सिस्टिमने पूर्ण मॅचचा १-१ घेतला, म्हणजे ड्रॉ, मग शून्यवाला भाग रिफंड आणि -०.५ वाला भाग गेला, बरोबर २०.००. पहिल्या चॅटवाल्यांनी हेच सांगितलं, "मॅच १-१ संपली म्हणून अर्धी हरली". मी विचारलं की मग कंसात (०-१) कशाला लिहिता, तर चॅट बंद झालं. दुसऱ्या चॅटवाल्या मॅडम म्हणाल्या की तुमची टीम पेनल्टीवर हरली म्हणून बेट हरली. अहो, पेनल्टी धरली असती तर होम टीम हरली, म्हणजे पूर्ण ४०.०० जायला हवे होते, मग २०.०० परत कसले दिलेत? एकाच निकालाची दोन कारणं आणि दुसरं कारण तुमच्याच आकड्याशी जुळत नाही. शिवाय कलम ७.१ सांगतं की वेगळं लिहिलेलं नसेल तर सगळी मार्केट ९० मिनिटं आणि रेफरीने दिलेल्या वाढीव वेळेवर सेटल होतात, एक्स्ट्रा टाइम आणि शूटआऊट धरत नाहीत. माझ्या स्लिपवर वेगळं काहीही लिहिलेलं नाही.

अजून एक, आणि हे तुमच्या ट्रेडिंगवाल्यांना दाखवा, ते लगेच समजतील. त्याच मिनिटाला साध्या मॅच विनर मार्केटमध्ये होम टीमच्या विजयाला ४.६० ऑड्स चालू होते, स्क्रीनशॉट जोडलाय. एका गोलने मागे असलेल्या टीमला पूर्ण मॅचच्या स्कोअरवर -०.२५ देऊन कोणी २.१० ऑड्स ठेवेल का? ती बेट पूर्ण जिंकायला तर होम टीमला मॅचच जिंकावी लागली असती! ऑड्स २.१० होते कारण उरलेल्या वेळेतल्या गोलांवरच ते लावलेले होते. मग ऑड्स उरलेल्या वेळेचे आणि सेटलमेंट पूर्ण मॅचवर, असं दोन्हीकडून कसं चालेल? आणि कोणाच्या डोक्यात "उघड चुकीची किंमत" वालं कलम येत असेल तर आधीच सांगतो, दुसऱ्या बाजूला पाहुणी टीम +०.२५ ला १.७८ होते, दोन्ही मिळून अगदी नेहमीचं मार्केट, तुमचं मार्जिन धरून. त्यात चूक काहीच नाही.

तुमच्याकडे माझ्याच खात्यात आधीची नोंदही आहे. ७ फेब्रुवारीची बेट क्रमांक ४३९७५५१०८२, पाहुणी टीम हँडिकॅप ०, स्लिपवर (१-०), मॅच १-१ संपली आणि तुम्ही ती पूर्ण जिंकलेली दाखवून पैसे दिले. पूर्ण स्कोअर मोजला असता तर तो नुसता रिफंड झाला असता. म्हणजे तेव्हा नियम माहीत होता, पाच आठवड्यांत विसरलात की काय माहीत नाही.

चॅटवर मला १०.०० ची फ्री बेट "सदिच्छा म्हणून" ऑफर केली होती. मी ती घेतलेली नाही आणि घेणार नाही, माझ्या खात्यात परस्पर टाकूही नका, नंतर कोणी म्हणायला नको की प्रकरण मिटलं. बेट व्हॉइड करून स्टेक परत देणं हाही पर्याय नाही, मॅच पूर्ण झालीये आणि निकालावर कोणाचा वाद नाही.

मला पाहिजे ते एवढंच: बेट "जिंकली" म्हणून परत सेटल करा आणि ६४.०० कॅशमध्ये जमा करा, बोनसमध्ये नाही. नसेल करायचं तर कोणत्या कलमाच्या कोणत्या वाक्यावरून, ते लेखी सांगा आणि त्यावर "अंतिम उत्तर" असं स्पष्ट लिहा, म्हणजे मला ते घेऊन तुमच्या लायसन्सच्या पानावर दिलेल्या स्वतंत्र वाद निवारण संस्थेकडे जाता येईल. या बेटचा अॅक्सेप्ट झाल्याचा लॉग, त्या वेळचा स्कोअर फीड आणि दोन्ही चॅटची नोंद डिलीट होऊ देऊ नका. नियमांच्या पानाची आजच्या तारखेची कॉपी मी सेव्ह करून ठेवलीये.

सोबत स्लिपचा स्क्रीनशॉट, ३१व्या मिनिटाच्या ऑड्सचा स्क्रीनशॉट, फेब्रुवारीची स्लिप आणि दोन्ही चॅटची कॉपी जोडली आहे. चौदा दिवसांत उत्तर याच ईमेलवर द्या, फोन नको.

खातेदार,
युजरनेम निळापतंग४७
१७ मार्च २०२६