विषय: तासगाव व पिंपळगाव बसवंत दौऱ्यांच्या खर्चाची ३८,८०८ रुपयांची थकबाकी २५ जूनपर्यंत मिळण्याबाबत

दिनांक: १६ जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
वित्त विभाग, मुख्य कार्यालय, पुणे

प्रत: सेवा विभाग प्रमुख, मनुष्यबळ विभाग

महोदया,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी आणि मार्चमधल्या माझ्या दोन दौऱ्यांचे क्लेम अजून पूर्ण सेटल झालेले नाहीत, म्हणून हे पत्र. पहिला क्लेम मी २४ फेब्रुवारीला भरला, त्याला आज ११२ दिवस झाले. दुसरा १८ मार्चचा, त्याला ९० दिवस. आपल्या प्रवास नियमांप्रमाणे क्लेम भरल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत एकतर पैसे मिळायला हवेत किंवा लेखी हरकत यायला हवी. मला दोन्ही मिळालेलं नाही. अधूनमधून फोनवर उत्तरं मिळाली आणि प्रत्येक वेळी कारण वेगळं होतं. त्यामुळे सगळा हिशोब एकदा नीट लिहून देतो, म्हणजे कुठल्या रकमेबद्दल काय शंका आहे ते समोरासमोर ठरेल.

पहिला क्लेम (टीए/२४-२५/११८), तासगाव, १७ ते २० फेब्रुवारी. बेदाण्याच्या शीतगृहाचा कॉम्प्रेसर बंद पडला होता.

स्वतःच्या गाडीने प्रवास, ५१२ किमी, १२ रुपये दराने: ६,१४४ रु.
टोल (खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, जाता-येता), फास्टॅगचा उतारा जोडला आहे: ५५० रु.
लॉज, ३ रात्री, १,२०० रुपये दराने: ३,६०० रु.
दैनिक भत्ता, ४ दिवस, ४५० रुपये दराने: १,८०० रु.
कॉन्टॅक्टर व जोडणीचं साहित्य, सांगलीतून खरेदी: ६,८५० रु.
रात्रपाळीसाठी स्थानिक मदतनीस, सहीचं व्हाउचर: १,५०० रु.
एकूण: २०,४४४ रु.

दुसरा क्लेम (टीए/२४-२५/१३१), पिंपळगाव बसवंत, ११ ते १५ मार्च. निर्यातीच्या द्राक्षांचं प्रीकूलिंग युनिट, गॅसगळती.

एसटी, पुणे–नाशिक–पुणे: १,०९२ रु.
नाशिक ते पिंपळगाव व तिथला स्थानिक प्रवास, स्वतःचं व्हाउचर: ६४० रु.
लॉज, ४ रात्री, १,५०० रुपये दराने, अधिक १२ टक्के जीएसटी: ६,७२० रु.
दैनिक भत्ता, ५ दिवस: २,२५० रु.
आर-४०४ए गॅसचा १०.९ किलोचा सिलिंडर: ९,९१२ रु.
१४ मार्चला नाशिकहून सुटे भाग आणण्यासाठी पिकअप: १,८०० रु.
एकूण: २२,४१४ रु.

दोन्ही मिळून ४२,८५८ रुपये होतात. त्यातले दैनिक भत्त्याचे ४,०५० रुपये मे महिन्याच्या पगारात आले. बाकी ३८,८०८ रुपये येणे आहेत.

आता हरकतींबद्दल. १५ एप्रिलच्या माझ्या स्मरणपत्राला ‘मार्च एंडिंगची कामं चालू आहेत’ असं उत्तर मिळालं. ते मला पटलं, कारण त्या दिवसांत आपल्या विभागावर किती ताण असतो ते मी पाहिलेलं आहे. म्हणून मी थांबलो. ९ मे रोजी विचारलं तेव्हा मूळ बिलं पोहोचली नसल्याचं सांगण्यात आलं. दोन्ही क्लेमची मूळ बिलं मी स्वतः आणून दिली होती. त्यावर आपल्याच विभागाचे २४ फेब्रुवारी आणि १९ मार्चचे इनवर्ड शिक्के आहेत. त्या पोचपावत्यांच्या आणि सगळ्या बिलांच्या प्रती पुन्हा जोडत आहे. ४ जूनला फोन केला तेव्हा आणखी पाच मुद्दे निघाले. त्यांची उत्तरं देतो.

तासगावच्या लॉजच्या बिलावर जीएसटी क्रमांक नाही, हे खरं आहे. तो लॉज लहान आहे आणि जीएसटीखाली नोंदणीकृत नाही. सेवा देणाऱ्या व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणीची सक्ती नसते आणि असा मालक बिलावर कर लावूही शकत नाही. बिलावर लॉजचं नाव, पत्ता, क्रमांक, तारखा आणि सही आहे. पैसे यूपीआयने दिले आहेत, त्याचा उतारा जोडला आहे. हंगामात तासगावात मोकळी खोली मिळणं अवघड असतं. त्या रात्री जिथे मिळाली तिथे राहिलो आणि भाडं माझ्या श्रेणीच्या मर्यादेत आहे.

एसटीच्या भाड्यात मंजूर तक्त्यापेक्षा १४२ रुपये जास्त दिसतात. तक्त्यात एका वेळचे ४७५ रुपये धरले आहेत, तिकीट ५४६ रुपयांचं आहे. राज्यात एसटीची भाडेवाढ २५ जानेवारी २०२५ पासून लागू झाली, १४.९५ टक्के. ४७५ वर तेवढी वाढ लावली की ५४६ येतात. तिकिटं खरीच आहेत, तक्ता जुना आहे. तो बदलून घेतला तर इतर सहकाऱ्यांचे क्लेमही याच कारणाने अडकणार नाहीत.

पूर्वपरवानगी न घेता खरेदी केली, हा मुद्दा मला सर्वांत जास्त लागला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पिंपळगावला १३ मार्चच्या संध्याकाळी गळती सापडली तेव्हा प्रीकूलिंगच्या खोलीत द्राक्षं भरलेली होती. बागेतून उतरलेला माल सहा ते आठ तासांत ४ अंशांच्या आसपास आणावा लागतो. उशीर झाला की देठ सुकतात, मणी मऊ पडतात आणि माल निर्यातीच्या प्रतीत बसत नाही. त्या रात्री होळी होती, दुसऱ्या दिवशी धूलिवंदन. दुकानं बंद व्हायच्या आत सिलिंडर घेतला नसता तर १५ तारखेपर्यंत युनिट उभंच राहिलं असतं. सेवा विभाग प्रमुखांशी मी आधी फोनवर बोललो आणि त्यांनी लगेच ‘घेऊन टाक, बिल कंपनीच्या नावाने कर’ असा व्हॉट्सॲप संदेश पाठवला. तासगावच्या कॉन्टॅक्टरच्या वेळीही रात्री ११.४० वाजता त्यांचा असाच संदेश आला होता. दोन्ही संदेशांच्या प्रती क्लेमसोबत होत्या, आज पुन्हा जोडत आहे. आमच्या कामात याहून वेगळी पूर्वपरवानगी कशी मिळवायची, हे ठरवून दिलंत तर मी ती जरूर घेईन. पण झालेल्या खरेदीसाठी हीच मंजुरी धरावी, ही विनंती.

या दोन्ही खरेदी कंपनीच्या नावाने, कंपनीच्या जीएसटी क्रमांकावर आहेत. कॉन्टॅक्टरच्या बिलात कराचे १,०४५ आणि गॅसच्या बिलात १,५१२ रुपये आहेत. ही बिलं कंपनीच्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसायला हवीत, तिथे पडताळून पाहता येतील. दोन्ही रकमा दहा हजारांच्या आत आहेत आणि माझ्या कार्डवरून दिल्या आहेत, त्यामुळे रोखीच्या मर्यादेचाही प्रश्न येत नाही.

पिकअपचे १,८०० रुपये जास्त वाटतात, असं सांगण्यात आलं. धूलिवंदनाच्या दिवशी गाडीवाले मिळत नव्हते. दोघांनी नकार दिल्यावर तिसरा या दरात तयार झाला. त्याची सही असलेली पावती आहे. यापेक्षा स्वस्तात त्या दिवशी काम झालं नसतं.

शेवटचा मुद्दा असा सांगितला गेला की हा गेल्या आर्थिक वर्षातला खर्च आहे आणि त्याची तरतूद राहून गेली. मी दोन्ही क्लेम ३१ मार्चच्या आत, इनवर्ड शिक्क्यासह दिलेले आहेत. तरतूद करणं माझ्या हातात नव्हतं, आणि ती राहून गेली म्हणून माझं येणं रद्द होऊ शकत नाही.

याशिवाय एक दुरुस्ती हवी आहे. मे महिन्यात दैनिक भत्त्याचे जे ४,०५० रुपये दिले ते पगारपत्रकात ‘इतर भत्ता’ म्हणून दाखवले गेले आणि त्यावर ८४२ रुपये टीडीएस कापला गेला. कंपनीच्या कामासाठी दौऱ्यावर प्रत्यक्ष झालेला हा खर्च आहे, माझं करपात्र उत्पन्न नाही. जूनच्या पगारात ही नोंद दुरुस्त करून कपात समायोजित करावी. उरलेली रक्कमही पगारात न मिसळता वेगळी जमा करावी, म्हणजे हा घोळ पुन्हा होणार नाही.

माझी अडचणही सांगतो. कॉन्टॅक्टर आणि गॅसचे १६,७६२ रुपये माझ्या क्रेडिट कार्डवर गेले. दोन महिने ते बचतीतून भागवले. जूनमध्ये मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाचा खर्च आला तेव्हा एक ठेव मुदतीआधी मोडावी लागली. त्यावर बुडालेलं व्याज मी मागत नाही. पण कंपनीच्या ग्राहकाचा माल वाचवण्यासाठी केलेली पदरमोड चार-चार महिने अंगावर राहावी, हे बरोबर नाही, एवढं मला स्पष्ट म्हणायचं आहे. गेल्या नऊ वर्षांत माझा एकही क्लेम खोटा निघालेला नाही.

माझी मागणी अशी: बुधवार, २५ जूनपर्यंत ३८,८०८ रुपये माझ्या पगाराच्या खात्यात जमा व्हावेत. एखाद्या बाबीवर हरकत कायम असेल तर त्या बाबीचं नाव, रक्कम आणि कारण लेखी कळवावं, आणि ज्यावर वाद नाही ती रक्कम तरी त्याच तारखेपर्यंत द्यावी. एका लॉजच्या बिलासाठी अख्खा क्लेम अडवून ठेवू नये.

३० जूनला मला सांगोल्याला डाळिंबाच्या शीतगृहाच्या कामासाठी जायचं आहे. त्या दौऱ्यासाठी १५,००० रुपयांच्या उचलीचा अर्ज आजच वेगळा दिला आहे. आधीची थकबाकी मिळेपर्यंत मी स्वतःच्या पैशाने दौरा किंवा सुट्या भागांची खरेदी करू शकणार नाही. उचल मिळाली की ठरल्या दिवशी निघेन. हे सेवा विभाग प्रमुखांनाही कळवलं आहे.

कागद समोर ठेवून बोलणं सोपं जाणार असेल तर मी बुधवारी, १८ जूनला दिवसभर कार्यालयात आहे. आपण सांगाल त्या वेळी सगळ्या मूळ पोचपावत्या घेऊन येतो.

आपला,
संदीप
वरिष्ठ सेवा अभियंता, सेवा विभाग

सोबत: दोन्ही क्लेमच्या शिक्का असलेल्या पोचपावत्या, बिलं व व्हाउचर (१२ पानं), फास्टॅग, यूपीआय व कार्डचे उतारे, मंजुरीचे दोन संदेश, मे महिन्याचं पगारपत्रक