एथिक्स कमिटीच्या नऊ शंकांना उत्तर: साठीच्या पुढच्या मराठी भाषकांची स्मृती-तपासणी, प्रोटोकॉल व्हर्जन 2.0

प्रति,
मेंबर सेक्रेटरी मॅडम आणि कमिटीचे सर्व मेंबर
एथिक्स कमिटी, इंदूर
14 जुलै 2025

मॅडम, नमस्कार.

तुमचं 2 जुलैचं पत्र मिळालं, नऊही शंका नीट वाचल्या. इंग्रजीतला तक्ता नेहमीसारखा वेगळा जोडलाय, पण मीटिंगमध्ये आपले लेपर्सन मेंबर म्हणाले की फॉर्म मराठीत आहे तर उत्तरही मराठीतच द्या ना, म्हणून हे पत्र, आणि बोलल्यासारखंच लिहितेय, सांभाळून घ्या. प्रोटोकॉल आणि फॉर्ममध्ये जे बदललंय ते पिवळ्या रंगात आहे. अप्रूव्हल येईपर्यंत आम्ही एकाही घराची बेल वाजवलेली नाही हेही आधीच सांगून टाकते.

शंका 1. सहभागी संमती द्यायला सक्षम आहे की नाही हे कोण आणि कसं ठरवणार?

ही चूक आमचीच. व्हर्जन 1.0 मध्ये मी एका ओळीत उरकलं होतं, "आकलन कमी वाटल्यास मुलाची किंवा मुलीची सही घ्यावी". कुणाला वाटल्यास, कशावरून वाटल्यास, काहीच नव्हतं, आणि आपल्या घरांमध्ये काय होतं ते तुम्हालाही माहीतच आहे, आई समोर बसलेली असते आणि उत्तरं मुलगा देतो, "तिला काय विचारता, मला विचारा". त्या ओळीने आम्ही त्याला पेनच हातात दिलं असतं.

आता असं केलंय. फॉर्म वाचून दाखवल्यावर फील्डवर्कर चार गोष्टी विचारेल आणि उत्तर सहभागीच्याच शब्दांत लिहून घेईल: आम्ही काय करणार आहोत, नाही म्हटलं तर काय होईल, यात तुमचा काही त्रास किंवा फायदा आहे का, आणि तुम्ही काय ठरवलंत व का. हे पाठांतर नाही, "तुम्ही येऊन आठवणीचे प्रश्न विचारणार, नको असलं तर चहा पिऊन जा म्हणेन" हे आमच्या लेखी पूर्ण उत्तर आहे. एखादं उत्तर आलं नाही तर तो भाग परत समजावून परत विचारायचं, तरी नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं, कारण बऱ्याच वयस्कर लोकांची सकाळ चांगली असते आणि संध्याकाळी थकलेले असतात. दोन्ही वेळा नाही जमलं तरच कायदेशीर प्रतिनिधीची संमती, आणि त्यावरही सहभागीचं स्वतःचं "हो" लागेलच. तोंड फिरवलं, हात काढून घेतला, उठून आत गेल्या, तर ते "नाही" धरायचं, मुलाने कितीही सांगितलं तरी. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये संमती ही एकदाची सही नसून चालू राहणारी प्रक्रिया मानलीय, त्याच धर्तीवर हे लिहिलंय.

शंका 2. पंच्याहत्तरच्या वर सरसकट घरच्या एका माणसाचीही सही घ्यावी.

मॅडम, ही एकच सूचना आम्ही मान्य केलेली नाही. हेतू काळजीचा आहे हे कळतं, पण नुसतं वय हे सक्षम नसण्याचं कारण होऊ शकत नाही, आणि शंका 1 मध्ये जी दुरुस्ती केली ती या एका सहीने मागच्या दाराने परत जाते. बँकेत एकट्या जाऊन पेन्शन काढणाऱ्या बाईंना स्मृतीच्या दहा प्रश्नांसाठी सुनेची सही लागावी हे मला पटत नाही. त्याऐवजी फॉर्ममध्ये एक प्रश्न घातलाय: "हे ठरवताना घरच्या कुणाला जवळ बसवायचंय का?" हो म्हटलं तर बसवायचं, नाही म्हटलं तर नाही. तरीही कमिटीला सही हवीच असेल तर मी येऊन बोलायला तयार आहे.

शंका 3. फॉर्मची भाषा अवघड आहे.

होती. फॉर्म पुण्याहून आलेल्या एका नमुन्यावर बेतला होता आणि इंदुरात ती मराठी कुणी बोलत नाही. रामबागेत माझी आत्या राहते, तिला नुसतं वाचायला दिलं (ही घरातली गोष्ट, अभ्यासात धरलेली नाही) तर "संज्ञानात्मक क्षमतेचे मूल्यमापन" पाशी थांबली, चष्मा काढला आणि म्हणाली, हे काय ऑपरेशन आहे का गं? जुनं वाक्य होतं, "सदर संशोधनात आपल्या संज्ञानात्मक क्षमतेचे मूल्यमापन करण्यात येईल व आपला सहभाग ऐच्छिक राहील". आता आहे: "आम्ही तुमची आठवण आणि लक्ष कसं आहे ते प्रश्न विचारून बघणार. साधारण 40 मिनिटं लागतील. नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा, मधेच म्हणा, नंतर फोन करून म्हणा, तुमच्या दवाखान्याच्या इलाजावर काही फरक पडणार नाही." दवाखाना, इलाज, दस्तखत हे शब्द मुद्दाम ठेवलेत, तेच कानावरचे आहेत. सहा पानांचा फॉर्म आता अडीच पानांचा आहे, अक्षर मोठं केलंय, आणि ज्यांना हिंदी जास्त सोपी जाते त्यांच्यासाठी हिंदी प्रतही आहे.

शंका 4. अंगठा लावणाऱ्यांसाठी साक्षीदार.

बरोबर. आधी आमच्या टीममधलाच माणूस साक्षीदार होता, तो काढला. आता वाचता येणारा, टीमबाहेरचा माणूस, जो पूर्ण वाचन होईपर्यंत बसून राहील. शेजारी चालेल, पण सहभागीने निवडलेला.

शंका 5 आणि 6. नमुना कसा निवडणार, आणि 300 हा आकडा कुठून आला?

दोन्हीचं एकत्र लिहिते कारण एक बदललं की दुसरं बदलतं.

पहिला आराखडा होता मराठी मंडळांच्या सभासद याद्या, आणि कमी पडले तर मतदार यादीतून मराठी आडनावं बघून. तुम्ही विचारलंत की मंडळाचे सभासद नसलेले कुठे जाणार, आणि खरं सांगायचं तर त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गणेशोत्सवात नाटकाला येणारी, वर्गणी भरणारी, चालती-फिरती माणसंच त्या यादीत सापडतात, आणि ज्यांची आठवण खरंच कमी होतेय ते तर घराबाहेर पडणं आधीच बंद करून बसलेले असतात, म्हणजे जे शोधायचं तेच गाळलं जातं. आडनावांचं त्याहून वाईट, कारण आडनाव बघून निवडणारा माणूस त्याला ओळखीची आडनावंच निवडतो आणि ती बहुतेक एक-दोन जातींची असतात, मिल एरियातल्या वस्तीतली मराठी घरं त्याच्या डोळ्यासमोर येतच नाहीत. शिवाय काही आडनावं मराठी आणि हिंदी दोन्ही घरांत असतात.

आता दोन्ही याद्या रद्द. शहराचे दोन भाग पाडले, एकात रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर अशा जुन्या मराठी वस्त्या आणि दुसऱ्यात बाकीचं शहर. मतदान केंद्रांच्या यादीतून चिठ्ठी काढून पहिल्या भागात 13 आणि दुसऱ्यात 12 केंद्रं घेणार. मतदार यादीत मातृभाषा लिहिलेली नसते, म्हणून प्रत्येक केंद्राच्या हद्दीत घरोघर जाऊन आधी दोनच प्रश्न: घरात मराठी बोलतं का कुणी, आणि त्यातलं साठीच्या पुढचं कोण आहे? एका घरात दोघं असतील तर चिठ्ठी टाकून एक, कारण आधी "जे घरी भेटतील ते" असं होतं आणि दुपारी घरी कोण भेटतं ते सगळ्यांना माहीत आहे. निवडलेली व्यक्ती नसेल तर वेगवेगळ्या वेळी तीनदा जायचं, बदली माणूस घ्यायचा नाही. दुसऱ्या भागात एका केंद्रात 20 जण मिळणं अवघड आहे, तिथे लगतचं केंद्र जोडायचं. दोन भागांतलं प्रमाण वेगळं पडणार, ते ॲनालिसिसमध्ये वेटिंगने सांभाळू.

आकड्याचं असं. n = Z²p(1−p)/d² मध्ये p 7.4 टक्के धरलाय, 2023 साली आलेल्या लासी-डॅड अभ्यासात साठीच्या पुढच्या भारतीयांमधलं डिमेन्शियाचं अंदाजित प्रमाण तेच आहे, आणि d 3 टक्के. उत्तर येतं 293, तेच आम्ही 300 करून टाकलं होतं आणि वस्तीवार निवड करताना डिझाइन इफेक्ट लागतो हे विसरलो होतो. 1.5 ने गुणून 440 आणि नकार 10 टक्के धरून 489, म्हणून 25 केंद्रं गुणिले 20, एकूण 500. खर्च वाढतोय, तो भाग शंका 8 मध्ये.

शंका 7. चाचणीचे प्रश्न इथल्या लोकांना लागू पडतात का?

आधार हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशनचा आहे, जी 1990 च्या दशकात बल्लभगढच्या खेड्यांत, न शिकलेल्या लोकांना डोळ्यासमोर ठेवून तयार झाली. पण नुसतं भाषांतर करून भागत नाही, याचं उदाहरण आजच समोर आहे. "हा कुठला महिना?" या प्रश्नाला आज इंदुरातल्या मराठी आजींनी काय सांगावं? शेजारच्या हिंदी घरात आज सावनचा पहिला सोमवार आहे, उपास आहे, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला बदलतो. आपल्याकडे अमावस्येला बदलतो म्हणून आषाढच चालू आहे, श्रावण 25 तारखेला लागणार. आणि नातवाला विचारलं तर तो जुलै म्हणेल. तिन्ही उत्तरं बरोबर, पण आमच्या आधीच्या गुणतक्त्यात एकच बरोबर होतं, म्हणजे पंचांग पक्कं पाठ असलेल्या बाईंची आठवण आम्ही कमी लिहिली असती. आता तिन्ही चालतील, फील्डवर्करकडे त्या-त्या महिन्याचा तक्ता असेल. आकडेही तसेच, बरेच जण मराठीत बोलून हिशोब हिंदीत करतात, त्यांना तसाच करू द्यायचा. चाचणी मराठीत दोन जणांनी स्वतंत्रपणे आणली, तिसऱ्याने उलट भाषांतर करून ताडून बघितलं, ती कागदपत्रं जोडलीत.

शंका 8. सगळ्यांचं रक्त का?

गरज नव्हती, काढलं. आता फक्त ज्यांचा स्कोअर कमी येईल त्यांनाच विचारायचं, 5 मिली, बी12 आणि थायरॉइडसाठी, कारण या दोन्हींमुळे आठवणीवर परिणाम होऊ शकतो आणि दोन्हींवर इलाज आहे. त्यासाठी वेगळा एक पानी फॉर्म, रक्त नको म्हटलं तरी बाकी अभ्यासात राहता येईल. "उरलेला नमुना पुढील संशोधनासाठी साठवणे" ही ओळ आणि त्याची टिकमार्कची चौकट दोन्ही उडवलीत, तपासणी झाली की नमुना नष्ट. यातून वाचलेले पैसे जास्तीच्या 200 घरांना लागतील. प्रत्येकी 500 रुपये द्यायचं होतं तेही काढलं, आम्हीच घरी जाणार तर प्रवासखर्च कसला.

शंका 9. निकाल कुणाला सांगणार?

सहभागीला, आणि त्यांनी नाव सांगितलेल्या एकाच व्यक्तीला. "तुम्हाला डिमेन्शिया आहे" असं फील्डवर्कर कधीही म्हणणार नाही, स्क्रीनिंगवरून ते ठरतच नाही, "डॉक्टरांना दाखवून घ्या" एवढंच, आणि सोबत चिठ्ठी. अपॉइंटमेंट आमची डॉक्टर फोन करून घेऊन देईल. घर, दुकान यांच्या कागदांवर सह्या चालू असलेल्या घरात हा कागद चुकीच्या हाती गेला तर काय होऊ शकतं हा तुमचा मुद्दा आमच्या डोक्यातच आला नव्हता, म्हणून घरी कुठलाही लेखी स्कोअर ठेवणार नाही. त्रास किंवा जबरदस्ती दिसली तर फील्डवर्करने मला त्याच दिवशी कळवायचं, आणि सहभागीला एकांतात एल्डरलाइनचा 14567 हा नंबर द्यायचा.

सोबत: प्रोटोकॉल व्हर्जन 2.0, संमतीचे मराठी आणि हिंदी फॉर्म, रक्ताचा वेगळा फॉर्म, चार प्रश्नांचं पान, महिन्यांचा तक्ता, सुधारित बजेट. पुढच्या मीटिंगला मी येईनच, शंका 2 वर आधी बोलायचं असेल तर रोज चारनंतर मी डिपार्टमेंटला असते.

आपली,
प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर