आभार प्रदर्शन : मुक्तिसंग्राम दिन तालुकास्तरीय वक्तृत्व स्पर्धा, बक्षीस वितरण समारंभ

आदरणीय अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुणे, परीक्षक, गुरुजन, पालक आणि माझ्या विद्यार्थी मित्रांनो,

आभाराचं नाव निघालं की मागच्या रांगेतल्या खुर्च्या वाजायला लागतात. त्यात आज शिऱ्याचा वास स्वयंपाकघरातून थेट मंडपात येतोय, त्यामुळे लेकरांना दोष देता येत नाही. पण पाच-सात मिनिटं कळ काढा. व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं सूत्रसंचालकांनी घेतलीच आहेत, ती पुन्हा वाचत नाही. आभार कशाचे, तेवढं मात्र नीट सांगतो.

सकाळच्या ध्वजवंदनापासून आपल्यासोबत थांबलेले अध्यक्ष आणि औशाहून वेळेआधी पोहोचलेले प्रमुख पाहुणे, प्रशालेच्या वतीने आपले मनापासून आभार. भाषण आपण आटोपशीर केलंत, याबद्दल विद्यार्थ्यांकडून वेगळे आभार आहेत.

आता परीक्षक. लातूरचे निवृत्त मुख्याध्यापक सर, उदगीरच्या प्राध्यापिका मॅडम आणि निलंग्याचे पत्रकार बंधू. औसा तालुक्यातल्या चौदा शाळांमधून 62 स्पर्धक आले. लहान गटात 28 जण, प्रत्येकी चार मिनिटं. मोठ्या गटात 34 जण, प्रत्येकी सहा मिनिटं. म्हणजे नुसती भाषणंच सव्वापाच तास. ‘इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’ हे वाक्य या तिघांनी दोन दिवसांत किती वेळा ऐकलं असेल, ते तेच जाणोत! तरी बासष्टाव्या मुलीच्या वेळीही तिघांच्या माना वर आणि पेनं चालू होती.

गुणांची विभागणी अशी होती : आशय 40, भाषा व उच्चार 25, सादरीकरण 25, वेळेचं भान 10. परीक्षकांपुढे नाव नाही, शाळा नाही, फक्त चिठ्ठीवरचा क्रमांक. तिघं वेगवेगळ्या टेबलांवर बसले आणि प्रत्येक भाषणानंतर कागद लगेच पाकिटात गेला, म्हणजे मागाहून खाडाखोड नको आणि एकमेकांत विचारविनिमय नको. मोठ्या गटात दुसऱ्या क्रमांकाला दोघांचे 300 पैकी 241 गुण झाले. अशा वेळी आशयाचे गुण पाहायचे, हे स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच जाहीर केलं होतं. त्यामुळे निकाल दोन मिनिटांत लागला आणि तिसऱ्या क्रमांकाच्या मुलालाही तो पटला.

मला विशेष वाटलं ते वेगळंच. बऱ्याच लहान मुलांच्या भाषणात मराठवाडाही 15 ऑगस्ट 1947 लाच स्वतंत्र झाला होता. परीक्षकांनी गुण कापून विषय संपवला नाही. जेवणाच्या सुट्टीत त्या मुलांना फळ्यापाशी नेलं आणि तारखा लिहून दाखवल्या : निजामाच्या राजवटीत आपण आणखी तेरा महिने आणि दोन दिवस होतो, 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्य आत आलं आणि 17 ला निजाम शरण आला. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते, हेही तिथेच सांगितलं. तो फळा आम्ही अजून पुसलेला नाही. या वर्गाचं मानधन आमच्या अंदाजपत्रकात नव्हतं, म्हणून इथे जाहीर आभार.

स्वयंसेवकांकडे येतो. नववीची चोवीस मुलं-मुली आणि माजी विद्यार्थ्यांपैकी सहा जण. शुक्रवारी सकाळी माईक सुरू केला की शिट्टी मारायचा. आवाज वाढवा, कमी करा, सगळं करून झालं. शेवटी एका माजी विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की स्पीकर बोलणाऱ्याच्या पाठीमागे आहे. त्यातला आवाज पुन्हा माईकमध्येच शिरतोय. दोन्ही बॉक्स उचलून माईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवले आणि शिट्टी बंद. शनिवारी दुपारी पाऊस आला. पत्र्याच्या शेडवर पाऊस वाजायला लागला की माईक असूनही समोरच्याला ऐकू येत नाही. सतरावा स्पर्धक मध्यावर होता. वेळाधिकारी असलेल्या मुलीने कुणाला न विचारता घड्याळ थांबवलं, हात वर केला. स्वयंसेवकांनी वीस मिनिटांत बाकं, टेबलं आणि साउंड स्लॅबच्या हॉलमध्ये हलवलं आणि त्या मुलाला पहिल्यापासून बोलू दिलं. आज लहान गटात तिसरं बक्षीस घेऊन गेला, तो हाच मुलगा.

आज टेबलावरची बक्षिसं पाहिलीत ना? डावीकडून तिसरा, दुसरा, पहिला, ज्या क्रमाने पुकारायचं त्या क्रमाने. प्रत्येक ट्रॉफीखाली तिचंच प्रमाणपत्र आणि पुस्तक. त्यामुळे पाहुण्यांच्या हाती एकदाही चुकीची ट्रॉफी गेली नाही. प्रमाणपत्रांवरची नावं दोन मुलींनी काल संध्याकाळी प्रवेशअर्जांशी ताडून पाहिली. चार ठिकाणी वडिलांचं नाव चुकलं होतं. ती रात्रीच नव्याने लिहून काढली. छापील कागदावर पांढरी शाई लावून दिलेलं प्रमाणपत्र कुणी फ्रेम करत नाही, हे त्यांना कळतं. वीस लिटरचे जार वाहणारे, सायकली आणि मोटारसायकली ओळीत लावणारे, सगळ्यांचे आभार. शिपाईमामा आणि स्वयंपाक करणाऱ्या ताई यांचे तर आहेतच, पहाटे पाचला चूल पेटवल्याबद्दल.

शिक्षकांबद्दल थोडक्यात, कारण घरच्यांचे आभार मानताना संकोच होतो. चौदाही शाळांच्या शिक्षकांनी एक कठीण अट पाळली. आपला विद्यार्थी बोलायला उभा राहिला की शिक्षकाने हॉलबाहेर थांबायचं. लेकरू अडखळलं की गुरुजींचे ओठ आपोआप हलतात, आणि लेकरू परीक्षकांऐवजी तिकडेच पाहतं, म्हणून ही अट. काही सर दाराला कान लावून उभे होते. ते नियमात बसतं की नाही, ते पुढच्या वर्षी ठरवू. एसटी चुकू नये म्हणून पोरांना घेऊन सकाळी साडेसहाला थांब्यावर उभ्या राहिलेल्या बाईंचे विशेष आभार.

आणि पालकहो. मुगा-उडदाची रास नुकतीच घरात आली आहे, सोयाबीन शेंगा भरण्यात आहे, फवारणीला उघडीप मिळत नाही. अशात दिवसाची मजुरी किंवा शेतातलं काम सोडून आपण इथे बसला आहात. कुणी तीन लेकरं एका गाडीवर आणली, कुणी शेजाऱ्याचंही आणलं. घरी आईसमोर भाषण म्हणून दाखवताना ‘पुन्हा म्हण’ असं सांगणाऱ्या माय-माउलींनी जे केलं, ते कुठल्या गुणपत्रिकेत दिसत नाही. ज्यांच्या लेकराला आज बक्षीस नाही, ते पालकही शेवटपर्यंत थांबून टाळ्या वाजवत होते. त्यांना माझा खास नमस्कार.

अनवधानाने कुणाचा उल्लेख राहिला असेल तर कार्यालयात येऊन रागवावं.

आता तीन सूचना. प्रत्येक स्पर्धकाने आपली गुणपत्रिका ग्रंथालयाच्या खिडकीतून घ्यावी. त्यात तिन्ही परीक्षकांचे शेरे आहेत. प्रमाणपत्रात अजून चूक आढळली तर आजच सांगा, कोरी प्रमाणपत्रं शिल्लक आहेत. जेवणाला लहान गट आधी बसेल, बाहेरगावच्या शाळा त्यांच्यासोबत, कारण त्यांना दोनची गाडी गाठायची आहे.

अध्यक्षांच्या परवानगीने कार्यक्रम संपल्याचं जाहीर करतो. सर्वांनी वंदे मातरमसाठी जागेवर उभं राहावं. वंदे मातरम सुरू कर.