कामाची व्याप्ती आणि वगळलेली कामे: देवगड तालुक्यातील हापूस बागेची वेबसाइट

रत्नागिरी, ५ नोव्हेंबर २०२६. आवृत्ती २ (फोनवर झालेल्या बोलण्यानंतर दुरुस्त केलेली; आवृत्ती १ रद्द).

या कागदात 'आपण' म्हणजे बागेचे मालक आणि 'मी' म्हणजे वेबसाइट करून देणारी. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर आजवर जे बोलणे झाले, त्यातले जे इथे लिहिलेले नाही ते या कामात धरलेले नाही.

काम कशासाठी

आपले नेहमीचे गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचे. ते सध्या फोन करते आणि मागणी वहीत उतरते. एप्रिलमध्ये एकाच वेळी तोडणी, पेट्या भरणे आणि फोन चालू असतात, तेव्हा पत्ता चुकतो, डझन चुकतात. मागणी गिऱ्हाइकाने स्वतः लिहावी आणि ती आपल्याला एका तक्त्यात दिसावी, एवढाच या वेबसाइटचा उद्देश आहे. पुढे कोणतेही नवे काम सुचले की ते या उद्देशाला लागते का, हे आधी पाहू.

काय करून देईन

वर्डप्रेसवर मराठीत सहा पाने: मुख्य पान, आमची बाग, आंबा आणि दर, मागणी, पोहोच व परतावा, संपर्क. मजकूर आपण द्यायचा, प्रत्येक पानाला जास्तीत जास्त ४०० शब्द. शुद्धलेखन आणि वाक्यांची डागडुजी मी करीन, कोरा मजकूर लिहिणार नाही.

मागणीच्या फॉर्ममध्ये नाव, मोबाइल, ईमेल, पूर्ण पत्ता, पिनकोड, फळाचा आकार, पॅकिंग आणि नग एवढे रकाने. आकार तीन (२०० ते २५०, २५० ते ३००, ३०० ग्रॅमच्या वर) आणि पॅकिंग दोन (१ डझनाचा खोका, ५ डझनांची पेटी), म्हणजे दर सहा. पिनकोड सहा आकडी नसेल तर फॉर्म पुढे जाणार नाही. भरलेली मागणी आपल्या गूगल शीटमध्ये एका ओळीत उतरेल आणि आपल्याला व गिऱ्हाइकाला मेल जाईल. मेल स्पॅममध्ये जाऊ नये म्हणून तो एसएमटीपीने पाठवण्याची जोडणी यात आली.

हंगामात दर चार दिवसांनी भाव उतरतात. म्हणून सहा दर एकाच पानावरून आपल्याला स्वतः बदलता येतील आणि 'मागणी तात्पुरती बंद' असा एक खटका असेल. हे दोन्ही शिकवण्यासाठी दीड तासाची एक बैठक. पैशांसाठी आपला यूपीआय क्यूआर कोड आणि आयडी मागणी नोंदल्यावर दिसेल. पैसे आले की नाही, हे बँकेच्या मेसेजवरून आपणच पाहून शीटमध्ये खूण करायची.

वेबसाइट अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये, आयफोनवरच्या सफारीत आणि संगणकावरच्या क्रोममध्ये तपासून देईन. मुख्य पान १.५ एमबीपेक्षा जड असणार नाही. बागेत उभे राहून दर बदलायचे तर तिथले नेटवर्क आपल्याला माहीत आहेच.

फोटो: इथे गाडी अडण्याची शक्यता सर्वांत जास्त

काम नोव्हेंबर ते जानेवारी चालेल. त्या काळात झाडावर पालवी आणि मोहर असतो, पिकलेले फळ नसते. पेटी उघडल्याचा आणि आंबा कापल्याचा फोटो डिसेंबरात मिळणार नाही. तेव्हा मागच्या हंगामातले फोटो ३० नोव्हेंबरपर्यंत लागतील. एकूण २५ पर्यंत, लांब बाजूने किमान २००० पिक्सेल, मूळ फाइल गूगल ड्राइव्हवर टाकून. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि मोठ्या पडद्यावर चिखल दिसतो.

मागचे फोटो नसतील तर वेबसाइट बाग आणि मोहराच्या फोटोंवर सुरू होईल. पुढे फळ आल्यावर जास्तीत जास्त ८ फोटो एकदाच, ३० एप्रिल २०२७ पर्यंत, याच पैशांत बदलून देईन. फोटो काढायला बागेत येणे या कामात नाही. दुसऱ्या बागेचे किंवा नेटवरून उचललेले फोटो मी लावणार नाही.

काय करणार नाही

ऑनलाइन पेमेंट गेटवे नाही. त्यासाठी आपल्या नावाने केवायसी, प्रत्येक व्यवहारावर कापला जाणारा आकार आणि परताव्यांचा हिशेब हे सगळे मागोमाग येते. सुमारे २० तासांचे ते वेगळे काम आहे.

शिल्लक पेट्यांचा आपोआप हिशेब नाही. किती फळ उतरेल हे तोडणीच्या दिवशीच कळते; वेबसाइटवरचा आकडा आणि बागेतला आकडा जुळत नसेल तर गिऱ्हाईक वेबसाइटवरच्या आकड्यावर भांडेल. 'मागणी बंद' हा खटका त्यासाठीच आहे.

कुरिअर किंवा ट्रान्सपोर्टशी जोडणी नाही, पार्सल कुठवर आले हे दाखवणे नाही, पिनकोडप्रमाणे भाडे आपोआप लावणे नाही. भाडे मुंबई, पुणे आणि इतर महाराष्ट्र असे तीन ठोक आकडे लिहून दाखवू. राज्याबाहेरची मागणी फॉर्म घेणार नाही.

आंबापोळी, आमरस, कोकम, काजू यांची विक्री नाही. ही मागणी मे महिन्यात येते, म्हणून आत्ताच लिहून ठेवते. हा फॉर्म एका फळासाठी, डझनाच्या हिशेबाने बांधलेला आहे. प्रक्रिया केलेला माल वजनावर विकला जातो, वर्षभर असतो आणि त्याच्या पाकिटावर एफएसएसएआय क्रमांक लागतो. 'फक्त एक पान वाढवा' असे ते काम नाही.

इंग्रजी आवृत्ती नाही. हवी असल्यास अनुवाद आपण दिल्यावर ₹९,०००.

लोगो, पेटीवरचे लेबल, छापील पत्रके, फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट, व्हॉट्सॲप कॅटलॉग, जाहिराती, गूगल नकाशावरची नोंद, जुन्या वह्यांमधली गिऱ्हाइके शीटमध्ये चढवणे, गिऱ्हाइकांचे फोन घेणे: यातले काहीही नाही. गूगलवर 'देवगड हापूस' शोधल्यावर आपले नाव पहिल्या पानावर येईल असे वचन मी देत नाही. प्रत्येक पानाचे शीर्षक आणि वर्णन नीट भरून देईन, तेवढेच माझ्या हातात आहे.

मजकुरातले दावे

हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळाले, पण त्याचे चिन्ह नोंदणीकृत वापरकर्त्यालाच लावता येते. आपल्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मिळाल्याशिवाय ते वेबसाइटवर येणार नाही. 'सेंद्रिय' या शब्दालाही हाच नियम. 'कार्बाइड न वापरता' असे ठळक छापण्याचा आग्रह नसावा. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदीच आहे. त्यापेक्षा अढी गवतात घालतो, हे साध्या शब्दांत लिहू.

साका बाहेरून दिसत नाही, म्हणून तक्रार येणारच. कापलेल्या फळाचा फोटो किती दिवसांत मागायचा, बदली फळ द्यायचे की पैसे, हे आपण ठरवायचे. परताव्याचा मजकूर आल्याशिवाय मागणीचे पान सुरू करणार नाही. कायदेशीर मसुदा हवा असल्यास तो वकिलाकडून घ्यावा.

तारखा

१६ नोव्हेंबर: काम सुरू, पहिला हप्ता जमा.
३० नोव्हेंबर: मजकूर, फोटो, तीन ठिकाणांचे भाडे माझ्याकडे.
१४ डिसेंबर: मुख्य पान आणि मागणीचे पान पाहायला.
११ जानेवारी २०२७: सहाही पाने तपासणीसाठी.
१ फेब्रुवारी: वेबसाइट सुरू.

आपल्याकडून सामग्रीला जितके दिवस उशीर, तितके दिवस पुढच्या तारखा सरकतील. १५ डिसेंबरपर्यंतही सामग्री पूर्ण आली नाही तर १ फेब्रुवारीचा शब्द सुटला असे समजावे. आंबा आपल्यासाठी थांबणार नाही, पण त्या घाईचा भार रात्रपाळीने मी उचलणार नाही. ३० दिवस काहीच हालचाल नसेल तर काम थांबवले जाईल आणि पुन्हा सुरू करायला ₹४,००० लागतील.

दुरुस्त्या आणि निर्णय

१४ डिसेंबर आणि ११ जानेवारी, दोन्ही वेळा दुरुस्तीची एकेक फेरी. एक फेरी म्हणजे पाच दिवसांत आलेली एकच यादी, मेलवर. अंतिम शब्द आपला एकट्याचा. मुंबईचे बंधू आणि घरची मंडळी यांची मते आपण गोळा करून त्या यादीत घालावीत. त्यांच्याकडून थेट आलेल्या सूचनांवर मी काम करणार नाही. एकाने हिरवा सांगितला आणि दुसऱ्याने केशरी, तर दोन्ही रंगांचे तास वाया जातात.

नवे काम निघाले तर

सूचना फोनवर आली तरी मी ती 'बदल क्रमांक' घालून मेल करीन: काय, किती तास, किती रुपये, तारखेवर काय परिणाम. आपले 'मंजूर' असे उत्तर आल्यावरच हात लावीन. दर ताशी ₹६००. अर्ध्या तासात होणारी पहिली चार कामे फुकट, पण नोंद त्यांचीही होईल.

१ मार्च ते ३१ मे या काळात दर, 'मागणी बंद' आणि वर ठरलेले फोटो सोडून वेबसाइटवर कोणताही बदल नाही. भर हंगामात फॉर्म हलवला आणि तो बंद पडला, तर नुकसान पेट्यांचे होते.

काम पूर्ण कधी मानायचे

आपल्या फोनवरून पाच खोट्या मागण्या भरायच्या. पाचही शीटमध्ये आल्या, दहाही मेल पोहोचले, एक दर आपण स्वतः बदलला आणि तो पानावर दिसला, की काम पूर्ण. तपासणीला सात दिवस. त्यात उत्तर आले नाही तर काम स्वीकारले असे धरते.

३१ मे २०२७ पर्यंत दोष फुकट दुरुस्त करीन. या कागदात लिहिल्याप्रमाणे चालत नसेल तर तो दोष. लिहिल्याप्रमाणे चालते पण आता वेगळे हवे आहे, तर तो बदल. मागणी अडवणारा दोष २४ तासांत, बाकीचे तीन कामाच्या दिवसांत. पासवर्ड दुसऱ्याला देऊन त्याने काही मोडले तर ते ताशी दराने.

पैसे

एकूण ₹४८,०००. सुरुवातीला ₹१९,२००, पाने तपासणीला आल्यावर ₹१४,४००, वेबसाइट सुरू होण्याआधी ₹१४,४००. माझी जीएसटी नोंदणी नसल्याने त्यावर कर नाही. काम मध्येच सोडल्यास जमा झालेले हप्ते परत नाहीत, आणि तोवर झालेले काम आपले.

डोमेन आणि होस्टिंग आपल्या नावाने, आपल्या मेलवर, आपल्या कार्डाने घ्यायचे. त्याचा खर्च वरच्या रकमेत नाही. दरवर्षीचे नूतनीकरणही आपल्याकडे. घेताना मी फोनवर सोबत राहीन. गिऱ्हाइकांचे नंबर असलेली शीट आपल्याच खात्यात राहील आणि ३१ मे नंतर माझा प्रवेश आपण काढून टाकायचा.

हे मान्य असल्यास १२ नोव्हेंबरपर्यंत या मेलला 'आवृत्ती २ मंजूर' असे उत्तर द्यावे. काही खटकत असेल तर तो परिच्छेद कळवावा, आवृत्ती ३ पाठवीन. मंजुरी आणि पहिला हप्ता दोन्ही आल्याशिवाय १६ तारखेचे काम सुरू होणार नाही.