रोपांच्या उंचीची वारंवारता सारणी: वहीच्या पानाची स्वच्छ प्रत

नमस्कार मॅडम,

काल संध्याकाळी पाठवलेल्या फोटोवरून सारणी तयार केली आहे. अहवालात लावायची सारणी आधी देते. तुम्हाला घाई असेल तर एवढीच उचला. मात्र तिसऱ्या आणि चौथ्या ओळीबद्दल खाली एक प्रश्न विचारला आहे, त्याचं उत्तर मिळेपर्यंत त्या ओळी पक्क्या धरू नका.

रोपवाटिकेतील रोपांची उंची (सेमी), एकूण रोपे १२०

| वर्ग | सलग वर्ग | वारंवारता | संचित वारंवारता (वरच्या मर्यादेपेक्षा कमी) | संचित वारंवारता (खालच्या मर्यादेएवढी किंवा जास्त) |
|---|---|---|---|---|
| ११–१५ | १०.५–१५.५ | ४ | ४ | १२० |
| १६–२० | १५.५–२०.५ | ९ | १३ | ११६ |
| २१–२५ | २०.५–२५.५ | १७ | ३० | १०७ |
| २६–३० | २५.५–३०.५ | २६ | ५६ | ९० |
| ३१–३५ | ३०.५–३५.५ | ३१ | ८७ | ६४ |
| ३६–४० | ३५.५–४०.५ | १९ | १०६ | ३३ |
| ४१–४५ | ४०.५–४५.५ | ११ | ११७ | १४ |
| ४६–५० | ४५.५–५०.५ | ३ | १२० | ३ |
| एकूण | | १२० | | |

दोन्ही संचित स्तंभ सलग वर्गाच्या मर्यादांवरून वाचायचे. म्हणजे ३०.५ सेमीपेक्षा कमी उंचीची रोपे ५६, आणि ३०.५ किंवा त्याहून जास्त उंचीची ६४. दोन्ही मिळून १२० होतात. अशी बेरीज प्रत्येक मर्यादेला करून पाहिली, सगळीकडे जुळते.

आता पानावर प्रत्यक्षात काय होतं ते. वाचलं तसंच उतरवलं आहे, काहीही दुरुस्त न करता:

| वर्ग | ताळ्याच्या खुणा | आकडा | संचित |
|---|---|---|---|
| ११–१५ | ४ सुट्या | ४ | ४ |
| १६–२० | १ गठ्ठा, ४ सुट्या | ९ | १३ |
| २१–२५ | ३ गठ्ठे, २ सुट्या | १८ खोडून वर १७ | ३० |
| २५–३० | ५ गठ्ठे, १ सुटी | २६ | ५६ |
| ३१–३५ | ६ गठ्ठे, १ किंवा २ सुट्या | ३१ | ८७ |
| ३६–४० | ३ गठ्ठे, ४ सुट्या | ११ की १९? | ९८ |
| ४१–४५ | २ गठ्ठे, १ सुटी | ११ | १०९ |
| ४६–५० | बोटाखाली झाकलेल्या | ३ | ११२ |
| एकूण | | १२० (गोल केलेला) | |

गठ्ठा म्हणजे चार उभ्या रेघा आणि त्यांवरून गेलेली पाचवी तिरकी.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ३६–४० च्या ओळीत. पानाच्या तळाशी एकूण १२० लिहिलंय आणि शेजारचा संचित स्तंभ ११२ वर थांबतो. तूट बरोब्बर ८ ची. तूट ८ ची निघाली की मी आधी एक आणि नऊ यांचा घोळ शोधते. मराठी एक आणि इंग्रजी नऊ घाईत लिहिले की दोन्हींना वर गाठ आणि खाली शेपूट. या ओळीतला दुसरा अंक तसाच आहे: मराठी म्हणून वाचला तर एक, इंग्रजी म्हणून वाचला तर नऊ. ज्यांनी संचित स्तंभ भरला त्यांनी तो एक वाचला, ८७ मध्ये ११ मिळवले, ९८ लिहिले, आणि पुढचे दोन्ही आकडे त्या चुकीवरच चढत गेले.

१९ धरायला दोन कारणं सापडली. पहिलं, खुणा. तीन गठ्ठे आणि चार सुट्या रेघा अगदी स्वच्छ दिसतात, त्या ११ होऊच शकत नाहीत. दुसरं कारण फोटो मोठा केल्यावर दिसलं. खालच्याच ओळीत, ४१–४५ समोर, ११ मराठीत लिहिलेत आणि तिथे दोन्ही अंकांना गाठ आहे. ३६–४० समोर मात्र पहिला अंक नुसती उभी रेघ आहे, गाठ नाही. म्हणजे हा आकडा इंग्रजीत लिहिलेला आहे, एक आणि नऊ. एकाच पानावर दोन लिप्यांचे अंक असले की असं होतंच. मोजणी करताना एकाने हाक द्यायची आणि दुसऱ्याने लिहायचं, मग मध्येच लिहिणारा बदलतो, त्याचा हा पुरावा.

बेरीज जुळावी म्हणून मी १९ घातलेले नाहीत, हे मुद्दाम सांगते. आधी खुणा मोजल्या, १९ आल्या, नंतर बेरीज करून पाहिली तर १२० झाली. १२० हा आकडाही या सारणीतून आलेला नाही. पानाच्या डोक्यावर "१० ट्रे, दर ट्रे १२ रोपे" असं लिहिलंय, त्यामुळे तो मोजणीच्या आधीपासून ठरलेला होता.

त्याच १२० चा उपयोग शेवटच्या ओळीला झाला. ४६–५० समोरच्या खुणा फोटो काढताना पान धरलेल्या अंगठ्याखाली गेल्यात, नुसता ३ दिसतो. पहिल्या सात वर्गांची बेरीज खुणांवरून ११७ येते, म्हणजे शेवटच्या वर्गाला ३ च उरतात. आकडा आणि वजाबाकी जुळली, म्हणून तो ठेवला. तरी वही हाताशी असेल तेव्हा एकदा अंगठ्याखालचं बघून घ्या.

३१–३५ च्या ओळीतून पानाची घडी जाते. सुटी रेघ एक की दोन, हे पहिल्या नजरेत कळत नाही. मोठं करून पाहिलं: पेनाची शाई निळी आहे आणि ती संशयित रेघ राखाडी. शिवाय ती वरच्या २५–३० च्या ओळीत आणि खालच्या ३६–४० च्या ओळीतही सरळ चालू राहते. ताळ्याची खूण तीन ओळी ओलांडून जात नाही. ती घडीची सावली आहे. सुटी रेघ एकच, वारंवारता ३१.

२१–२५ मधली खाडाखोड सोपी होती. १८ खोडून १७ केलेत, खुणाही १७ च आहेत. त्यांनी स्वतःच पुन्हा मोजलेलं दिसतं.

आता प्रश्न. चौथा वर्ग पानावर २५–३० असा आहे, आणि त्याच्या आधीचा २१–२५. बाकीचे सगळे वर्ग समावेशक पद्धतीचे आहेत, म्हणजे दोन्ही मर्यादा त्याच वर्गात मोजायच्या, आणि प्रत्येकाचं वर्गांतर ५ आहे. म्हणून मी २६–३० केलं. लिहिताना झालेली चूक असण्याचीच शक्यता जास्त. पण मोजणाऱ्यांनी हा वर्ग खरोखरच २५ पासून सुरू होतो असं समजून काम केलं असेल, तर नेमकी २५ सेमीची रोपं कुठे गेली? काही तिसऱ्या वर्गात, काही चौथ्यात, असंही झालेलं असू शकतं. खुणांवरून हे कळायला मार्ग नाही, कारण खुणेला उंची चिकटलेली नसते.

सुदैवाने नुकसान या दोन ओळींपुरतं आहे. कुठलंही रोप दोनदा मोजलेलं नाही, नाहीतर १२० जमले नसते. २५ चं रोप इकडे असो की तिकडे, चौथ्या वर्गाअखेरची संचित वारंवारता ५६ च राहते आणि त्यापुढचं सगळं जसंच्या तसं. वारंवारतेत धोका फक्त १७ आणि २६ ला, "कमी" स्तंभात ३० ला आणि "जास्त" स्तंभात ९० ला. ट्रेनिहाय उंचीची मूळ यादी असेल तर त्यात २५ शोधा आणि ती रोपं तिसऱ्या वर्गात धरून मला १७ बरोबर आहे का तेवढं कळवा.

सलग वर्ग करताना अर्धा सेमी मागेपुढे केला, त्याचं कारण पानावरच आहे: "जवळचा पूर्ण सेमी". १५.४ चं रोप १५ लिहिलं गेलं आणि १५.६ चं १६, म्हणून दोन वर्गांमधली खरी सीमा १५.५. मोजणाऱ्यांनी वरचा अपूर्ण भाग सोडून दिला असता, म्हणजे १५.९ लाही १५ म्हटलं असतं, तर सीमा १६ आली असती. तसं नाही असं मी पानावरून धरलंय.

मध्यकही काढून ठेवला, कारण पुढच्या पानावर तो लागणारच. एकूण १२० चे अर्धे ६०. संचित स्तंभात ५६ च्या पुढे आणि ८७ च्या आत, म्हणून मध्यकीय वर्ग ३०.५–३५.५. मध्यक = ३०.५ + (६० − ५६) ÷ ३१ × ५, म्हणजे साधारण ३१.१५ सेमी. त्या ३६–४० च्या ओळीत ११ च ठेवले असते तर एकूण ११२ होऊन मध्यक नेमका ३०.५ आला असता. इतका गोंडस आकडा बघून कुणाला शंकाही आली नसती. वर म्हटलेल्या २५ च्या प्रश्नाचा मध्यकावर परिणाम नाही, तो निर्धास्त वापरा.

एक्सेलची फाइल सोबत आहे. त्यात वर्ग A स्तंभात, वारंवारता B मध्ये, आणि दोन्ही संचित स्तंभ C आणि D मध्ये सूत्राने भरलेत. दुसऱ्या ओळीत ही सूत्रं आहेत, तीच नवव्या ओळीपर्यंत खाली ओढलीत:

```
C2: =SUM($B$2:B2)
D2: =SUM(B2:$B$9)
```

त्यामुळे १७ किंवा २६ बदलावे लागले तर फक्त B मधले आकडे बदला, बाकीचं आपोआप सरकेल. संचित आकडे हाताने टाइप करू नका. पानावर ९८ पासून पुढे घसरण झाली ती त्यामुळेच. A स्तंभ मी आधीच मजकूर म्हणून ठेवलाय. तसं न करता पहिला वर्ग साध्या आडव्या रेघेने टाइप केला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं.

मूळ फोटो फाइलच्या दुसऱ्या पानावर चिकटवला आहे आणि "वाचलं तसं" सारणी त्याच्या शेजारी. पुढच्या वेळी मोजणी झाली की खुणांसकट पान पाठवा, नुसते आकडे नकोत. आणि शक्य झालं तर वही टेबलावर सपाट ठेवून, बोट कडेला धरून फोटो काढायला सांगा.

२५ सेमीवाल्या रोपांचं कळलं की अंतिम प्रत लगेच पाठवते.