काकांचा ईसीजी: कॅज्युअल्टीत घरच्यांशी बोलणं

काकू, बसा इथं. दादा तुम्ही पण जवळ या, ईसीजी हातातच घेऊन आलोय. सरळच सांगतो, काकांना हार्ट अटॅक आलाय आणि तो आत्ता चालू आहे, येऊन गेला असं नाही. शुद्धीत आहेत, बोलतायत, मला मघाशी म्हणाले डॉक्टर अॅसिडिटी आहे, एक इंजेक्शन द्या आणि सोडा. पण हा कागद काय म्हणतोय ते बघा.

हा उंच काटा म्हणजे एक ठोका. काटा खाली आला की रेघ परत या पातळीवर यायला पाहिजे, थोडी सपाट चालून मग पुढची ही बुटकी टेकडी. काकांचा काटा खाली पोचतच नाहीये, अर्ध्यातूनच वळून वर फुगलाय. या मधल्या तुकड्याला एसटी म्हणतात. लहान चौकोन एक मिलिमीटरचा असतो, मोजा दादा, एक, दोन, तीन. एक मिलिमीटर वर दिसली तरी आम्ही पळायला लागतो, इथं तीन आहे. आणि एकाच ठिकाणी नाही. लीड म्हणजे हृदयाकडे बघायची एकेक बाजू, त्यातली लीड दोन, तीन आणि एव्हीएफ, हे तिन्ही हृदयाला खालून बघतात. उलट वरच्या बाजूनं बघणाऱ्या या एव्हीएल लीडमध्ये रेघ दबलीय, आरशात दिसावी तशी. हा पहिला कागद ६:३१ चा, हा दुसरा ६:४२ चा, अकरा मिनिटांत अजून वर गेलीय.

अर्थ एवढाच की हृदयाच्या खालच्या बाजूला रक्त नेणारी नस गुठळी होऊन बंद पडलीय, बहुतेक उजवीकडची. अर्धवट अडलेली असती तर बऱ्याचदा रेघ खाली जाते, वर उचलली की पूर्ण बंद धरून चालायचं. ही बाजू पोटाच्या वरच्या पडद्याला टेकलेली असते म्हणून छातीपेक्षा पोटात दुखलं, उलटी झाली, त्यामुळे काकू तुम्ही इनो दिलं यात स्वतःला दोष देऊ नका, पुष्कळ जण तेच करतात.

शेजाऱ्यांनी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली, मनानं चांगलंच केलं त्यांनी, पण बीपी ९० वर आलं. उजव्या बाजूनं वेगळा ईसीजी काढला तर तिथंही रेघ वर आहे, आणि हृदयाची उजवी बाजू दुखावली असताना ती गोळी बीपी पाडते. म्हणून सलाईन जोरात चालू आहे. पल्स ४८ आहे, या प्रकारात होतं असं, फारच कमी झाली तर तात्पुरता पेसमेकर लावू. ॲस्पिरिन चावायला दिलीय, रक्त पातळ करायचं औषध आणि इंजेक्शन गेलंय.

दादा, तुम्ही विचारलंत गेल्या वर्षीचा ईसीजी नॉर्मल होता मग हे कसं. तो गेल्या वर्षीच्या त्या दहा सेकंदांचा होता हो. गुठळी आज पहाटे साडेचारला झाली, त्याच्या आदल्या दिवशी काढला असता तरी नॉर्मल आला असता. आणि हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का ते सांगणारा रक्ताचा ट्रोपोनिन रिपोर्ट येऊ दे म्हणताय, तो सुरुवातीला नॉर्मलही येतो, या रेघेपुढे आम्ही त्याची वाट बघत नाही.

आता करायचंय काय, तर अँजिओग्राफी करून लगेच अँजिओप्लास्टी, बहुतेक मनगटातूनच. बायपास नाही, छाती उघडायची नाही. बारीक नळी नेऊन नस फुग्यानं उघडायची आणि स्टेंट बसवायचा. टीम निघालीय, वीस मिनिटांत पोचेल. धोका आहे, खोटं बोलणार नाही. रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित लकवा, ठोके बिघडून शॉक द्यावा लागू शकतो, जीवही जाऊ शकतो. पण नस बंद ठेवण्यात धोका कितीतरी जास्त आहे. पुण्याहून भाऊ येऊ दे म्हणालात ना, त्यांना यायला तीन तास, तेवढ्यात जो स्नायू मरेल तो नंतर कितीही पैसे घातले तरी परत जिवंत होत नाही. त्यांना फोन लावा, स्पीकरवर टाका, मी बोलतो, पण सही आत्ता.

पैशाचं म्हणाल तर रेशनकार्ड आणि आधारचा फोटो मोबाईलवर मागवून घ्या, महात्मा फुले योजनेत बसतंय का ते आरोग्यमित्र बघतील, त्यासाठी काकांना बाहेर थांबवणार नाही.

सही इथं, आणि खाली नातं लिहा. काकू, तुम्ही आत जाऊन भेटून या दोन मिनिटं, त्यांची अंगठी आणि घड्याळ काढून आणा. पाणी मागतील, देऊ नका.